अक्षरांचं घर : शिरोरेषेचं वजन

गेल्या आठवड्यात वेलांटी आणि रफार यांचा विषय काढायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. मधल्या दिवसांत तात्यापाऱ्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न इतका नेमका आहे की तो सोडवल्याशिवाय वेलांटीला हात लावणं मला बरोबर वाटत नाही. शेवटी वेलांटी बसते ती शिरोरेषेवरच.

ताईंनी माधवराव सप्र्यांवरच्या एका छोट्या प्रदर्शनासाठी फलक केला आहे. सप्रे मराठी घरातले आणि हिंदीचे संपादक. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणणारे ते हेच. 1926 साली ते इथेच रायपुरात वारले. जानेवारी 1900 मध्ये त्यांनी पेंड्र्याहून रामराव चिंचोलकरांच्या जोडीनं मासिक काढलं, प्रकाशक होते वामन बळीराम लाखे. त्या मासिकाचं नाव हेच ताईंच्या फलकाचं शीर्षक : ‘छत्तीसगढ मित्र’. अक्षरांची उंची, शिरोरेषेपासून खालच्या ओळीपर्यंत, 10 सेंटिमीटर. दंडाची जाडी 16 मिलिमीटर, शिरोरेषेचीही 16. सगळं पट्टीनं आखलेलं, दोन अक्षरांमधलं अंतरही सगळीकडे 20 मिलिमीटर. आणि तरी त्या लिहितात : ‘शिरोरेषा एकूण जड दिसते. स आणि ग यांच्यावर तर फारच जाड, आणि ढवर आल्यावर बारीक झाल्यासारखी. मोजली तर सारखीच भरते. चुकतंय कुठे?’

मोजण्यात काहीच चुकलेलं नाही. सारख्या जाडीची एक उभी आणि एक आडवी पट्टी शेजारी ठेवा, आडवी जाड वाटते. डोळ्याचा हा स्वभाव आहे आणि त्याला पट्टी दाखवून उपयोग नाही. म्हणून शिरोरेषा दंडापेक्षा किंचित बारीकच काढावी लागते. माझ्या हाताला बसलेलं प्रमाण म्हणजे साधारण दहावा हिस्सा कमी. ताईंचा दंड 16 असेल तर शिरोरेषा साडेचौदाच्या आसपास हवी. याहून जास्त कमी केली तर शीर्षक लिहिल्यासारखं न दिसता दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसू लागतं.

बोरूनं किंवा चपट्या ब्रशनं लिहिणाऱ्याला हा हिशेब हातातच सापडतो. धार शिरोरेषेशी बरोबर 45 अंशांत धरली, तर उभी आणि आडवी रेघ अगदी सारखी उमटते. 22 मिलिमीटर रुंदीचा ब्रश असेल तर दोन्ही साडेपंधराच्या. आता मनगट फक्त तीन अंश असं फिरवा की धार शिरोरेषेकडे झुकेल. दंड सव्वासोळाचा होतो आणि शिरोरेषा पावणेपंधराची. हवा होता तोच दहावा हिस्सा! तीन अंश म्हणजे किती, तर घड्याळात मिनिटकाटा अर्ध्या मिनिटात सरकतो तेवढं. जुन्या लेखनिकांनी अंश मोजले नव्हते, पण हात त्या जागी स्थिरावलेला असायचा. रोमनच्या सवयीनं धार उलट्या बाजूला कलवली की मात्र जाडी बरोबर येऊनही अक्षर परकं दिसतं, कारण आपल्या अक्षरांची बारीक बाजू रोमनच्या विरुद्ध दिशेला पडते. ताईंनी आधी बाह्यरेषा काढून मग रंग भरला आहे. त्यांना हे आयतं मिळणार नाही, त्यामुळे पट्टीवरच फरक ठेवावा लागेल.

हे झालं एकूण जडपणाचं. पण खरी गंमत स, ग आणि ढ यांच्यात आहे.

शिरोरेषा एकटी कधीच दिसत नाही. तिच्याखाली जे लटकलेलं असतं त्याच्यासकट ती दिसते. ‘सग’ बघा. सचा दंड, मग गचा डावा पाय, मग गचा दंड, अशा तीन उभ्या रेघा जवळजवळ. तिन्ही ठिकाणी दंड शिरोरेषेला मिळतो तिथे काळ्या रंगाचा गठ्ठा तयार होतो, आणि तो गठ्ठा डोळा शिरोरेषेच्या खात्यावर जमा करतो. ढला दंडच नाही. तो एका आखूड मानेनं शिरोरेषेला टांगलेला आहे आणि मानेच्या दोन्ही बाजूंना मोकळं पांढरं. ते पांढरं वर चढून शिरोरेषेला कुरतडतं. रेघ तीच, सगवर लठ्ठ, ढवर रोड. छ, ट, ठ, ड, द, र, ह, ळ ही सगळी याच बिऱ्हाडातली. ‘छत्तीसगढ’ हा शब्द नेमका छनं सुरू होतो आणि ढवर संपतो, म्हणजे दोन्ही टोकं बिनदंडाची आणि मध्ये दंडांची रांग. मराठी वळणानं ‘गड’ लिहिलं तरी सुटका नाही, कारण डही तसाच.

म्हणून आधी शिरोरेषेला हात न लावता अंतरं दुरुस्त करावीत. ताईंनी काळ्यापासून काळ्यापर्यंत 20 मिलिमीटर ठेवले. पण सचा दंड आणि गचा पाय यांच्यामधलं 20 म्हणजे एक अरुंद उभी पेटी, आणि गचा दंड ते ढचं पोट यांमधलं 20 म्हणजे वर-खाली मोकळी सुटलेली मोठी जागा. मोजायचं ते अंतर नव्हे, पांढरं. एवढ्या मोठ्या अक्षरांसाठी माझी एक घरगुती रीत आहे. आपल्या गावात तांदळाला तोटा नाही. पेन्सिलीचं रेखाटन जमिनीवर आडवं ठेवा आणि दोन अक्षरांमधल्या जागेत, शिरोरेषेच्या खालून तळाच्या ओळीपर्यंत, तांदळाचा एकेरी थर पसरा. तो गोळा करून एका छोट्या वाटीत मापा, मग पुढची जागा. जिथे वाटी ओसंडते ती जागा आवळा, जिथे अर्धी राहते ती सोडा.

ताईंच्या रेखाटनाची प्रत काढून मी हे करून पाहिलं. सग यांच्यातलं अंतर 24 करावं लागलं. गढ यांच्यातलं मात्र थेट 9 वर आलं, निम्म्याहून कमी! ढच्या पुढे ताईंनी शिरोरेषा 15 मिलिमीटर सोडली होती, ती 3 ठेवून बाकी कापली. गच्या पोटातली जागा मी शेजारच्या अंतरापेक्षा थोडी कमी ठेवली, 20 च्या आत. ती वाढली की गचा पाय आणि दंड एकमेकांपासून सुटतात आणि अक्षराचे दोन तुकडे वाचले जातात. ‘ख’चा ‘रव’ होतो तो याच दुखण्यानं. एवढं केल्यावर ढवरची शिरोरेषा पुष्कळशी सावरली. उरलेल्यासाठी मानेच्या दोन्ही बाजूंना खालून अर्धा मिलिमीटर जाडी वाढवली, कडेला निमुळती करत. पण हा उपाय शेवटी. अंतर न सुधारता आधीच जाडी वाढवली तर ढवर टोपी घातल्यासारखी दिसते.

त्तबद्दल एकच गोष्ट सांगतो. त्याची आडवी रेघ शिरोरेषेला समांतर धावते, म्हणून ती शिरोरेषेच्याच जाडीची हवी. दंडाच्या जाडीची काढली की ती वरच्या रेघेला गिळते.

आता सांधे. ताईंच्या फलकावर सांध्यांशी बारीक गाठी आहेत, कारण त्यांनी प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेषेसकट रंगवलं आणि मग जोडलं. पोस्टर रंगावर रंग चढला की तो भाग गडद वाळतो आणि दोन तुकड्यांच्या वरच्या कडा केसाएवढ्या जरी खालीवर झाल्या तरी पायरी दिसते. मोडी लिहिणारे आधी कागदभर शिरोरेषा आखून घेत आणि मग अक्षरं तिला लटकवत. बालबोधात आपण अक्षरं आधी काढतो आणि रेघ मागून ओढतो. मी दोन्ही चाली वापरतो. रेखाटनात मोडीची, म्हणजे वरची कड शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका पेन्सिलीनं एकदाच. रंगात बालबोधाची, म्हणजे दंड शिरोरेषेच्या जागेत थोडे घुसवून ठेवायचे आणि शिरोरेषा सर्वांत शेवटी, एका दमात.

दम पुरला नाही, ब्रश कोरडा पडला, तर उचलायचा कुठे? दंडाच्या डोक्यावर. तिथे आधीच काळ्याची गर्दी असते, जोड लपतो. ढवर किंवा दोन अक्षरांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात कधीही उचलू नये. आणि दंड जिथे शिरोरेषेला मिळतो तिथले आतले कोपरे पांढऱ्यानं किंचित खरवडून घ्यावेत. शीर्षक छापून लहान होणार असेल तर शाई त्या कोपऱ्यांत पसरून गठ्ठा वाढवते, म्हणून पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी जरा जास्त खरवडावं, भिंतीवरच्या फलकासाठी नाममात्र.

‘मित्र’मधला सांधा मुद्दाम तपासा. मच्या डाव्या बाजूला शिरोरेषा तुटली की म भकडे झुकू लागतो, कारण भच्या डोक्यावर तिथे रेघ तुटकच असते. घ आणि ध यांचंही तसंच. सांध्यातली फट ही नुसती दिसण्याची चूक नाही, ती वाचण्याची चूक होऊ शकते.

पत्राच्या शेवटी ताई विचारतात, एवढा त्रास असेल तर शिरोरेषा गाळूनच टाकावी का? नाटकांची आणि सिनेमांची शीर्षकं तशी असतात. असतात, आणि काही फार सुंदर असतात. कमल शेडग्यांनी (1935–2020) नाटकांच्या जाहिरातींसाठी जी अक्षरं काढली ती पाहत आमच्या पिढीनं डोळा तयार केला. पण शिरोरेषा काढली की ढला टांगायला खुंटी उरत नाही, तोलाचा सगळा भार अक्षरांच्या अंगावर येतो, आणि अंतराची चूक दुप्पट दिसते. शिरोरेषेशी जमत नाही म्हणून ती गाळू नये. जमायला लागल्यावर गाळावी.

तपासणीची माझी पद्धत एकच आहे. फलक उलटा टांगा, शिरोरेषा खाली. दहा पावलं मागे या आणि डोळे अर्धवट मिटा. उलटं असल्यामुळे शब्द वाचला जात नाही, नुसतं काळं-पांढरं उरतं. शिरोरेषा आता जमिनीसारखी दिसते, आणि तिच्यातला खड्डा किंवा उंचवटा लगेच नजरेत भरतो. ताईंचा पहिला फलक असा पाहिला तेव्हा गच्या दंडापाशी ढेकूळ होतं आणि ढपाशी खड्डा. दुरुस्त प्रत पाहिली, तर छच्या मानेपाशी अजून थोडी पोकळी आहे. छ आणि त्त यांच्यातलं अंतर आणखी दोन मिलिमीटर आवळावं लागेल.

ताई, दुरुस्त रेखाटन वेगळ्या टपालानं पाठवतो आहे, त्यावर नवी अंतरं लाल पेन्सिलीनं लिहिली आहेत. रंग लावण्याआधी ‘मि’ची वेलांटी तेवढी कोरी ठेवा. ती मच्या दंडापर्यंत कशी न्यायची ते पुढच्या आठवड्यात. आणि बाकीच्या वाचकांना विनंती, शीर्षकं पाठवाल तेव्हा पेन्सिलीच्या रेघा खोडू नका.