अर्धे दृष्टिक्षेत्र नाहीसे होते तेव्हा

दृष्टी कमी झाली की आपण प्रथम डोळ्यांचा विचार करतो. चष्म्याचा क्रमांक बदलला असेल, मोतीबिंदू होत असेल, असे तर्क केले जातात आणि बहुधा ते बरोबरही ठरतात. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत डोळे निर्दोष असतात आणि दोष असतो डोळ्यांपासून मेंदूच्या मागील भागापर्यंत जाणाऱ्या मार्गावर. अशा वेळी समोरच्या दृश्याचा कोणता भाग दिसत नाही, एवढ्यावरूनच मार्गावर कोठे बिघाड झाला आहे याचा पुष्कळसा उलगडा होतो. तो कसा होतो, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, चव्वेचाळीस वर्षांचे एक कारकून आहेत. गेल्या वर्षभरात दारातून जाताना त्यांचा खांदा कधी उजव्या, तर कधी डाव्या चौकटीवर आपटतो. सायकलवरून जाताना बाजूने येणारे वाहन अगदी जवळ येईपर्यंत त्यांना जाणवत नाही. डोके अधूनमधून दुखते. त्यांनी दोन वेळा चष्मा बदलला, पण उपयोग झाला नाही. अक्षरांचा तक्ता ते प्रत्येक डोळ्याने जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. म्हणून ‘नजर चांगली आहे’ असे त्यांना सांगण्यात आले. एक बारीकशी गोष्ट मात्र सुटून गेली. उजव्या डोळ्याने वाचताना ते ओळीतील उजवीकडची अक्षरे गाळीत होते आणि डाव्या डोळ्याने वाचताना डावीकडची.

याचा अर्थ समजण्यासाठी दृष्टिमार्गाची रचना पाहिली पाहिजे. डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल असते. प्रकाशकिरण सरळ जात असल्यामुळे बाहेरच्या, म्हणजे कानशिलाकडच्या बाजूचे दृश्य दृष्टिपटलाच्या नाकाकडील अर्ध्या भागावर पडते आणि नाकाकडच्या बाजूचे दृश्य कानशिलाकडील अर्ध्यावर पडते. त्याचप्रमाणे वरचे दृश्य दृष्टिपटलाच्या खालच्या भागावर उमटते. प्रत्येक डोळ्यातून सुमारे दहा लाख तंतूंची एक दृष्टिचेता निघते. या दोन चेता कवटीच्या तळाशी एकमेकींना मिळतात आणि तेथे फुलीसारखा आकार तयार होतो. या फुलीत नाकाकडील अर्ध्या भागातून आलेले तंतू पलीकडच्या बाजूस ओलांडून जातात. कानशिलाकडील तंतू आपल्याच बाजूने पुढे जातात. त्यामुळे फुलीच्या मागे उजव्या मेंदूकडे दोन्ही डोळ्यांतील डाव्या बाजूचे दृश्य जाते, आणि डाव्या मेंदूकडे उजव्या बाजूचे.

यावरून तीन ठिकाणचे तीन प्रकार सहज वेगळे करता येतात. फुलीच्या पुढे, एका दृष्टिचेतेवर आघात झाला तर त्याच एका डोळ्याची दृष्टी जाते. दुसरा डोळा अबाधित राहतो. फुलीच्या मागे, उदाहरणार्थ उजव्या मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडून, इजा झाली तर दोन्ही डोळ्यांना डावा अर्धा भाग दिसत नाही. असा रुग्ण ‘माझा डावा डोळा गेला’ असे सांगतो आणि ऐकणाराही फसतो. त्याला डावा डोळा झाकून उजव्याने पाहण्यास सांगावे. तरीही डावीकडचे दिसत नसेल, तर दोष डाव्या डोळ्याचा नव्हे, हे स्पष्ट होते.

तिसरा प्रकार खुद्द फुलीच्या मध्यभागी होणाऱ्या दाबाचा. तेथे फक्त ओलांडून जाणारे तंतू असतात. ते दबले की उजव्या डोळ्याला उजवीकडचे आणि डाव्या डोळ्याला डावीकडचे दिसेनासे होते. आपल्या कारकुनांची अवस्था हीच आहे. दोन्ही डोळे उघडे असता प्रत्येक डोळा दुसऱ्याची उणीव बरीचशी भरून काढतो, म्हणून केवळ अगदी कडेचा भाग हरवतो आणि रुग्णाला स्वतःला तो कळत नाही. सुईत दोरा ओवण्यासारखे जवळचे काम करताना मात्र सुईच्या पलीकडचे दृश्य नाहीसे झाल्यासारखे वाटते. कारण जवळच्या वस्तूवर दोन्ही डोळे वळले असता तिच्यामागचा भाग दोघांच्याही अंध क्षेत्रात येतो.

फुलीच्या खाली, हाडाच्या एका लहान खोबणीत, वाटाण्याएवढी पोष ग्रंथी असते. तिच्यात गाठ होऊन ती वर वाढली, तर फुलीवर खालून दाब येतो. प्रथम खालचे तंतू दबतात, म्हणून वरच्या बाहेरील कोपऱ्यातली दृष्टी आधी जाते व नंतर खालची. उलट, वरून वाढणाऱ्या गाठीत खालच्या बाहेरील कोपऱ्यापासून आरंभ होतो. पोष ग्रंथी शरीरातील अनेक स्रावांवर नियंत्रण ठेवीत असल्यामुळे अन्य लक्षणांचीही चौकशी करावी. स्त्रियांची मासिक पाळी बंद होणे, प्रसूतीशी संबंध नसता स्तनातून दूध येणे, पुरुषांत कामेच्छा मंदावणे, बोटातली अंगठी किंवा पायातली चप्पल लहान होत जाणे, ही त्यांपैकी काही होत.

प्राथमिक तपासणीस कोणतेही यंत्र लागत नाही. तपासणाऱ्याने रुग्णासमोर सुमारे एक मीटर अंतरावर, डोळ्यास डोळा येईल असे बसावे. रुग्णाने डावा डोळा तळहाताने झाकावा व तपासणाऱ्याने आपला उजवा डोळा मिटावा. रुग्णाने समोरच्या उघड्या डोळ्याकडेच पाहत राहावे. दोघांच्या मधोमध वर-खाली, उजवीकडे-डावीकडे अशा चारही कोपऱ्यांत एक, दोन किंवा पाच बोटे स्थिर धरून ती मोजण्यास सांगावे. नंतर तांबड्या रंगाची दोन सारखी झाकणे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस धरून ‘कोणते फिकट दिसते?’ असे विचारावे. बोटे मोजता येत असतानाही बाहेरच्या बाजूचा तांबडा रंग फिकट वाटणे हे आरंभीचे चिन्ह असू शकते. मग दुसऱ्या डोळ्याची अशीच तपासणी करावी. दृष्टिक्षेत्राचा दोष उभ्या मध्यरेषेशी येऊन थांबत असेल, तर तो फुलीतील किंवा तिच्या मागील असण्याचा संभव अधिक. काचबिंदूतील दोष या रेषेचे बंधन पाळीत नाही.

या तपासणीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ती निर्दोष आढळली म्हणून रोग नाही असे ठरत नाही. लहान दोष तिच्यातून निसटतात. संशय असल्यास नेत्ररोगतज्ज्ञाकडून दृष्टिक्षेत्राचा आलेख काढून घ्यावा लागतो, आणि मग एम. आर. आय. चित्रणाने गाठ दिसून येते. काही गाठी, विशेषतः दूध उत्पन्न करणारा स्राव अधिक प्रमाणात सोडणाऱ्या, केवळ गोळ्यांनी आक्रसतात; इतर बहुतेक गाठींवर नाकाच्या मार्गाने शस्त्रक्रिया करतात. दाब वेळीच दूर झाला तर दृष्टी पुष्कळदा सुधारते. दीर्घकाळ दबून तंतू नष्ट झाले असतील, तर गाठ काढूनही गेलेली दृष्टी परत येत नाही. आपल्या कारकुनांचे चष्मे बदलण्यात गेलेले वर्ष म्हणूनच महागात पडू शकते.

एक प्रसंग मात्र क्षणाचाही विलंब सहन करीत नाही. अकस्मात तीव्र डोकेदुखी, उलट्या आणि त्याबरोबरच दृष्टी जाणे किंवा एकाचे दोन दिसणे, हे गाठीत रक्तस्राव झाल्याचे चिन्ह असू शकते. अशा रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचविले पाहिजे. एरवीही, दोन्ही बाजूंना अडखळणारा मनुष्य अक्षरांचा तक्ता नीट वाचतो, एवढ्यावरून त्याला परत न पाठविता त्याचे दोन्ही डोळे निरनिराळे तपासून पाहावेत.