अळी एक, नावे दोन : सामायिक छायाचित्रांची ओळख कशी पक्की होते, कशी बदलते आणि कशी खाली येते

शेतातील किडीचे छायाचित्र काढून ते निसर्गनोंदींच्या सार्वजनिक संकेतस्थळावर टाकण्याची पद्धत आता कृषी विस्ताराच्या कामातही रुळू लागली आहे. या संकेतस्थळांपैकी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे ‘आयनॅचरलिस्ट’ हे होय. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्प म्हणून त्याची सुरुवात केली. येथे प्राण्याचे वा वनस्पतीचे नाव एखादा नेमलेला अधिकारी ठरवीत नाही. नोंद पाहणारा कोणीही आपले मत नोंदवू शकतो आणि सर्व मतांच्या गणितातून नाव निश्चित होते. हे गणित साधे असले तरी त्याचे परिणाम अनेकदा अनपेक्षित असतात. म्हणून मक्यावरील अळीचे एक काल्पनिक उदाहरण घेऊन ते पायरीपायरीने पाहू.

अमेरिकन लष्करी अळी, म्हणजेच स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा, भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात मक्यावर आढळली. त्यानंतर अल्पावधीतच ती देशातील बहुतेक मकाउत्पादक भागांत पोहोचली. तिच्याच वंशातील तंबाखूवरील पाने खाणारी अळी, स्पोडोप्टेरा लिटुरा, मात्र येथे पूर्वापार आहे. सोयाबीन, कापूस, एरंडी यांसारख्या अनेक पिकांवर ती उपजीविका करते आणि क्वचित मक्यावरही चढते. दोन्ही अळ्या लहान असताना वरवर पाहणाऱ्याला सारख्याच भासतात.

समजा, मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडे सोयाबीनला लागून असलेल्या मक्याच्या शेतात एका विस्तार कार्यकर्त्याला पानावर अळी दिसली. त्याने तिचे वरून एक छायाचित्र काढले, दिनांक व ठिकाणासह ते संकेतस्थळावर टाकले आणि नाव दिले ‘स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा’. या क्षणी नोंदीवर एकच मत आहे. अशा नोंदीपुढे ‘नीड्स आयडी’ हा शेरा दिसतो. म्हणजे ओळख अद्याप व्हावयाची आहे. काही वेळाने दुसऱ्या सभासदाने छायाचित्र पाहिले. पीक मक्याचे आणि डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी फिकट रेषा, एवढ्यावरून त्याने सहमतीचे बटण दाबले. दोन मते, दोन्ही एकाच जातीची. नोंद लगेच ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनयोग्य दर्जाची झाली.

पुष्टी म्हणतात ती हीच. तिचा नियम असा की, नोंदीला छायाचित्र वा ध्वनिमुद्रण, दिनांक आणि ठिकाण असावे, जीव पाळलेला वा लावलेला नसावा, किमान दोन मते असावीत आणि दोन तृतीयांशांहून अधिक मते एका जातीवर एकवटलेली असावीत. यात तज्ज्ञाचे मत आणि नवख्याचे मत यांचे वजन सारखेच धरले जाते. म्हणून दुसऱ्या मताचा खरा उपयोग ते स्वतंत्रपणे दिले गेले असेल तरच होतो. आपल्या उदाहरणातील दुसऱ्या सभासदाने अळीपेक्षा पिकाकडे अधिक पाहिले होते. त्याचे मत मोजले गेले, पण त्याने पुराव्यात काहीच भर घातली नाही.

तिसरी सभासद कीटकशास्त्राची जाणकार होती. तिने पाहिले की, छायाचित्रात अळीचा मागचा भाग पानाच्या घडीत झाकला गेला आहे. डोक्यावरील उलटा ‘वाय’ ही फ्रुजीपर्डाची ठळक खूण असली, तरी कपाळावरील तशा शिवणी इतर अनेक पतंगांच्या अळ्यांनाही असतात. निर्णायक खूण असते ती उदराच्या आठव्या खंडावर, म्हणजे शेपटीकडून मोजल्यास दुसऱ्या खंडावर. तेथे चार गडद ठिपके चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे मांडलेले दिसतात. ती खूण छायाचित्रात नसल्याने तिने जातीऐवजी केवळ ‘स्पोडोप्टेरा’ हे वंशाचे नाव दिले.

असे वरच्या पातळीवरील नाव दिले की संकेतस्थळ विचारते, उपलब्ध पुरावा आधी दिलेल्या जातीसाठी पुरेसा आहे काय? या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. ‘मला जात सांगता येत नाही, पण वंश नक्की हाच’ असे उत्तर दिल्यास ते मत कोणाच्याही विरोधात धरले जात नाही आणि नोंद होती तशीच राहते. ‘नाही, या पुराव्यावरून जात ठरत नाही, वंश मात्र हाच’ असे उत्तर दिल्यास ते जातीविरुद्धचे मत ठरते. आपल्या जाणकार सभासदाने दुसरे उत्तर निवडले. आता फ्रुजीपर्डाच्या बाजूने तीनपैकी दोन मते उरली. दोन तृतीयांश हे प्रमाण बरोबर जुळते. पण नियम ‘दोन तृतीयांशांहून अधिक’ असा आहे. त्यामुळे नोंद जातीवरून वंशावर आली आणि पुन्हा ‘नीड्स आयडी’ झाली.

या अवनतीने नोंद टाकणाऱ्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अळी फ्रुजीपर्डा नाही, असे जाणकार सभासदाने म्हटलेलेच नाही. छायाचित्रातून जेवढे सिद्ध होते, तेवढ्यावर तिने नोंद आणून ठेवली. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा कोणती खूण हवी आहे, हे विचारणे अधिक उपयोगी ठरते. आपल्या कार्यकर्त्याने तेच केले. सुदैवाने त्याच अळीची आणखी दोन छायाचित्रे त्याच्याकडे होती, ती त्याने त्याच नोंदीत जोडली. त्यांत मागचा भाग स्पष्ट दिसत होता. आठव्या खंडावर चौकोनातील चार ठिपके नव्हते, उलट पोटाच्या पहिल्या खंडावर ठसठशीत काळे डाग होते. जाणकार सभासदाने आपले मत बदलून ‘स्पोडोप्टेरा लिटुरा’ असे नोंदविले.

येथून दुरुस्तीचा टप्पा सुरू होतो आणि पहिल्या घाईची किंमत दिसू लागते. आता फ्रुजीपर्डाची दोन मते आणि लिटुराचे एक. कार्यकर्त्याने आपले मत बदलून लिटुराला दिले, तरी तीनपैकी दोन म्हणजे पुन्हा दोन तृतीयांशच! नोंद वंशावरच अडकून राहते. दुसऱ्या सभासदाने आपले जुने मत मागे घेतले तर दोनपैकी दोन मते लिटुराची होऊन ओळख पक्की होते. तो पुन्हा फिरकलाच नाही, तर लिटुराच्या बाजूने आणखी एक मत लागते. मग चारपैकी तीन, म्हणजे ७५ टक्के झाले की नोंद पुन्हा ‘रिसर्च ग्रेड’ होते. पहिल्या दोघांपैकी कोणीच मत बदलले नसते, तर मात्र लिटुराची पाच मते मिळवावी लागली असती. कारण सहापैकी चार मतांनीही प्रमाण दोन तृतीयांशांवरच थांबते. न पाहता दिलेली दोन मते खोडण्यासाठी पाहून दिलेली पाच मते लागतात. म्हणून आपले नाव चुकले असे पटताच ते मागे घेणे हा या व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

या नावाशी शेतातील निर्णयही जोडलेला आहे. कामगंध सापळ्यातील ल्यूर जातिविशिष्ट असते. लिटुराच्या प्रादुर्भावात फ्रुजीपर्डाची ल्यूर लावली, तर शेतात पतंग असूनही सापळा जवळजवळ रिकामा राहतो आणि कीड ओसरली असा खोटा दिलासा मिळतो. शिवाय मक्यावर लिटुरा दिसली, तर शेजारच्या सोयाबीनची पाने उलटून पाहणे अगत्याचे ठरते.

अवनतीचा आणखी एक प्रकार आहे, त्यात नाव बरोबर असूनही नोंद खाली जाते. दिनांक वा ठिकाण नसेल, अथवा जीव पाळलेला वा लावलेला आहे असे पाहणाऱ्यांनी बहुमताने नोंदविले असेल, तर ती ‘कॅज्युअल’ ठरते. शेतीशी संबंधित नोंदींत येथे गोंधळ होतो. लावलेला मका ही ‘कॅज्युअल’ नोंद. पण त्याच मक्यावर आपणहून आलेली अळी ही वन्य नोंद होय. संगोपनगृहातील तुतीचा रेशीमकिडा ‘कॅज्युअल’, तर त्याच्यावर आलेली परजीवी माशी वन्य. उलट काही नोंदींत अळी इतकी लहान असते की, कितीही छायाचित्रे घेतली तरी जात ठरत नाही. अशा वेळी ‘याहून नेमकी ओळख शक्य नाही’ असे मत नोंदविता येते आणि ते मान्य झाल्यास नोंद वंशाच्या पातळीवरच ‘रिसर्च ग्रेड’ होऊ शकते.

या सर्व प्रक्रियेला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, ‘रिसर्च ग्रेड’ म्हणजे पाहणाऱ्यांचे एकमत, प्रयोगशाळेचा निर्वाळा नव्हे. योग्य परवान्याच्या अशा नोंदी जागतिक जैवविविधता माहितीसंचात जातात आणि संशोधक त्या वापरतात, म्हणून चुकीचे एकमतही दूरवर पोहोचते. दुसरी अशी की, काही किडींच्या निर्णायक खुणा छायाचित्रात येतच नाहीत. एखाद्या जिल्ह्यात नवी कीड आल्याची शंका असेल, तर छायाचित्रावर न थांबता दोन-चार अळ्या सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून, पीक, गाव व दिनांक यांची चिठ्ठी लावून, कृषी विज्ञान केंद्रामार्फत कीटकशास्त्रज्ञांकडे पाठवाव्यात. काही अळ्या खाद्यासह जाळीदार झाकणाच्या डब्यात वाढवून त्यांचे पतंग मिळविल्यास ओळखीस अधिक आधार मिळतो.

नोंद टाकताना मात्र एवढे पाहावे. एका नोंदीत एकच अळी असावी; शेजारच्या झाडावरील दुसरी अळी त्यात मिसळू नये. डोके समोरून, पाठ वरून, शेवटचे तीन-चार खंड जवळून आणि बाजू आडवी, अशी चार छायाचित्रे घ्यावीत. अळी पोंग्यात दडली असेल तर तिला हळुवार बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवावे. जातीबद्दल खात्री नसेल तर प्रथम वंशाचेच नाव द्यावे. दुसऱ्याच्या नोंदीवर सहमती देण्यापूर्वी ज्या खुणेवरून आपण नाव ओळखले ती छायाचित्रात बोट ठेवून दाखविता येते का, हे स्वतःस विचारावे. येत नसेल तर बटण दाबू नये.