ॲडव्हान्स आणि टप्पे: फ्रीलान्सरचे पैसे अडकतात कुठे?

आजचा एपिसोड कुडव्यातून. गोंदियाला लागूनच आहोत, म्हणून उदाहरण राईस मिलचंच घेऊ, आकडे मात्र सोयीसाठी धरलेले.

समजा, एका मिलसाठी धान खरेदी, तांदूळ-कणी-कोंड्याचा स्टॉक आणि बिलिंग असं सॉफ्टवेअर करायचंय. काम सहा आठवड्यांचं, रक्कम ६०,००० रुपये. म्हणजे आठवड्याला १०,००० रुपयांचं काम. मालक म्हणतो, "६,००० आत्ता घे, बाकीचे काम झाल्यावर." सहाव्या आठवड्याच्या शेवटी तुमचे ५४,००० रुपये त्याच्याकडे अडकलेले असतात.

आता तेच काम असं मांडा. सुरू करण्याआधी २०,०००. दोन आठवड्यांनी खरेदी आणि स्टॉक चालू करून दाखवला की १५,०००. चौथ्या आठवड्यात बिलिंग दाखवलं की १५,०००. शेवटचे १०,००० हस्तांतराच्या वेळी. प्रत्येक टप्प्यावर झालेलं काम वजा मिळालेले पैसे, असा हिशोब करून बघा. दोन आठवड्यांनी बाकी शून्य, चार आठवड्यांनी ५,०००, शेवटी १०,०००. रक्कम तीच, पण जास्तीत जास्त बुडणार ते १०,००० रुपयेच.

अर्थात, हे तेव्हाच जमतं जेव्हा पैसे आल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही. "दोन दिवसांत टाकतो" ऐकून तुम्ही पुढचं काम करत राहिलात, तर बाकी परत वाढायला लागते.

दुसरी अडचण येते टप्प्याच्या शब्दांत. "मालकाला पसंत पडल्यावर" असं लिहिलं, तर तो टप्पा कधीच संपत नाही. रोज एक नवा रिपोर्ट हवा असतो. त्याऐवजी डोळ्यांनी तपासता येईल असं लिहा: "धानाची आवक नोंदवली की स्टॉक आपोआप वाढतो." सोबत हेही लिहा की दाखवल्यापासून सात दिवसांत चूक कळवली नाही, तर टप्पा मान्य धरला जाईल. नवीन मागणी आली तर तिचे पैसे वेगळे.

शेवटच्या १०,००० साठी डेमो तुमच्याच सर्व्हरवर ठेवा. सोर्स कोड आणि ॲडमिन पासवर्ड पैसे जमा झाल्यावरच द्या, आणि हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. ऐनवेळी सांगितलं तर भांडण होतं. मालकाचा आधीचा डेटा मात्र त्याचाच, तो कधी अडवू नका.

उद्यम नोंदणी मोफत आहे, तीही करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल ४५ दिवसांपेक्षा जास्त लांबवता येत नाही. लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसच. पण तक्रार, सुनावणी यात महिने जातात. म्हणून आधी टप्पे, मग कायदा.

करार नसला तरी निदान व्हॉट्सॲपवर टप्पे आणि रकमा पाठवा, आणि "मान्य" असं उत्तर आल्यावरच लॅपटॉप उघडा.