खिडकीपलीकडच्या माणसासाठी लिहायचे पत्र

वडील अंथरुणाला खिळलेले. कारखान्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांची काही देणी बाकी होती, ती आता मंजूर झाली आहेत आणि हिशेब खात्यात चेक तयार आहे. मुलगी पुण्याहून रजा काढून येते, वडिलांच्या सहीचे पत्र खिडकीतून आत सरकवते. पत्रात लिहिलेले असते, ‘माझी तब्येत ठीक नसल्याने माझ्या मुलीला माझी सर्व कामे करण्याचा अधिकार देत आहे.’ आतला कारकून पत्र वाचतो, उलटून पाहतो आणि परत देतो. मुलीला वाटते, हा मुद्दाम अडवतोय.

कधी कधी ते खरेही असते. पण बहुतेक वेळा कारकुनाची अडचण वेगळीच असते आणि ती समजली की पत्र कसे लिहायचे हे आपोआप कळते. ज्याचे पैसे आहेत त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या हाती कार्यालयाने ते सोपवले, की कार्यालयाची जबाबदारी संपते. पुढे त्या नातेवाइकाने ते घरी पोचवले नाहीत, तर तो त्या दोघांमधला प्रश्न. उलट पत्र बनावट निघाले, तर कार्यालयाचे देणे तसेच डोक्यावर राहते आणि ऑडिटमध्ये पहिला जाब त्या कारकुनालाच विचारला जातो. त्यामुळे फाइलला लावायच्या कागदावरून त्याला एवढेच सिद्ध करता यायला हवे, की अमुक माणसाने, अमुक माणसाला, अमुकच रक्कम घ्यायला पाठवले होते. ‘सर्व कामे’ या शब्दांत यातले काहीच येत नाही.

मग वरच्या उदाहरणातले पत्र कसे हवे? समजा रक्कम १,८४,६०० रुपये आहे आणि कारखान्याने तसे पत्र पाठवले आहे. वर तारीख, मग हिशेब खात्याच्या प्रमुखांना संबोधून विषय: चेक स्वीकारण्यासाठी अधिकारपत्र. मजकूर साधारण असा:

‘मी, खाली सही करणार, आपल्या कारखान्याचा निवृत्त कर्मचारी असून माझा तिकीट नंबर अमुक आहे. आपल्या अमुक तारखेच्या, अमुक जावक क्रमांकाच्या पत्रान्वये मला देय असलेल्या रु. १,८४,६०० (अक्षरी रुपये एक लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे फक्त) या रकमेचा माझ्या नावे काढलेला, खात्यातच जमा होणारा चेक घेण्यास मी आजारपणामुळे समक्ष येऊ शकत नाही. सदर चेक माझी मुलगी सौ. अमुक (लग्नापूर्वीचे नाव अमुक) हिच्याकडे द्यावा व तिची पोच माझीच पोच समजावी. हे पत्र एवढ्याच चेकपुरते असून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य आहे. तिची सही खाली केली आहे व ती मी साक्षांकित करत आहे.’

त्याखाली मुलीची नमुना सही, शेवटी वडिलांची सही. लग्नापूर्वीचे नाव कंसात का, हे आपल्याकडच्या मुलींना सांगायला नको. कारखान्याच्या दप्तरात ती माहेरच्या नावाने असते, आधारवर सासरचे नाव आणि खिडकीवर वाद तिथेच सुरू होतो. दोघांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स जोडायच्या आणि प्रत्येकीवर ‘फक्त अमुक चेक घेण्यासाठी’ असे तारखेसह आडवे लिहून सही करायची, म्हणजे ती प्रत दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. मूळ पत्र कार्यालय ठेवून घेते. म्हणून एक प्रत आपल्याकडे हवी.

खरी अडचण येते सहीची. पक्षाघातानंतर हात थरथरतो आणि वीस वर्षांपूर्वीच्या दप्तरातली सही आजच्या सहीशी जुळत नाही. अशा वेळी घरच्या कुणीतरी ‘जमवून’ सही केली, तर ती खोटी सही होते, हेतू कितीही चांगला असो. त्यापेक्षा वडिलांचे खाते ज्या बँकेत आहे तिथल्या अधिकाऱ्याकडून सही पडताळून घ्यावी. तीही जुळत नसेल तर अंगठा द्यावा. अंगठ्याशेजारी तो कुणाचा आणि कोणत्या हाताचा हे लिहावे आणि घराबाहेरच्या दोन साक्षीदारांच्या नाव-पत्त्यासह सह्या घ्याव्यात. सोबत डॉक्टरांचा दाखला असला तर चांगलेच. नोटरी किंवा स्टँप पेपर कार्यालयाने मागितला तरच करावा. अनेक ठिकाणी साधा कागद चालतो आणि चुकीचा मजकूर स्टँप पेपरवर लिहिल्याने बरोबर होत नाही.

चेक, डीडी आणि रोख यांना एकाच मापाने मोजू नये. खातेदाराच्या नावाचा ‘अकाउंट पेयी’ रेघ मारलेला चेक मुलीच्या हातात आला, तरी तिला तो स्वतःच्या खात्यात भरता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार असा चेक दुसऱ्याच्या खात्यात जमा करायला बँकांना मनाई आहे. वीस हजार आणि त्यावरच्या रकमेचा डीडीही बँका तशीच रेघ मारून देतात. म्हणजे या दोन्हींत पत्र घेऊन जाणारा फक्त कागद वाहून आणतो.

रोखीचे तसे नाही. तिथे पैसेच हातात पडतात. म्हणून पत्रात ‘रोख’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला नसेल तर रोख द्यायला नकार मिळणे योग्यच. आणि लिहायचा की नाही, हे घरातल्यांनी आधी ठरवावे. माझे मत विचाराल तर चेक मिळत असेल तिथे रोख मागूच नये. रोखच घ्यायची असेल तर खिडकीसमोर मोजावी आणि व्हाउचरवर वडिलांची नक्कल न करता ‘करिता’ लिहून स्वतःच्या नावाने सही करावी. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप लागतो. सही अर्धी स्टँपवर, अर्धी कागदावर आली पाहिजे. हा स्टँप खिशात घेऊनच गेलेले बरे.

दोन मर्यादा मात्र पक्क्या लक्षात असाव्यात. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला की दिलेला अधिकारही संपतो. ‘पत्र तर बाबांनी हयातीत दिले होते’ हा युक्तिवाद उपयोगी नाही. मग नामनिर्देशन किंवा वारसाचा रस्ता. मृत्यूची गोष्ट लपवून जुने पत्र वापरणे भावंडांतल्या भांडणाची आणि फौजदारी तक्रारीची सुरुवात ठरू शकते. दुसरे, पत्र रद्द करायचे असेल तर घरात सांगून भागत नाही. कार्यालयाला कळेपर्यंत त्याच्यापुरते ते जिवंतच असते. म्हणून रद्द केल्याचे पत्र लेखी द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. कोऱ्या कागदावर सही करून ‘मजकूर तू भर’ म्हणणाऱ्यांना हीसुद्धा सोय उरत नाही.

चेक हातात आल्यावर खिडकी सोडण्याआधी नाव, अंकी आणि अक्षरी रक्कम, तारीख आणि सही पाहून घ्या. नावाचे स्पेलिंग पासबुकातल्यासारखे नसेल तर दुरुस्ती तिथेच मागा. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने असते, तो हातात पडल्यापासून नव्हे.