मनीषनगरच्या फ्लॅटवर खरा परतावा किती?

समजा, मनीषनगरात एक फ्लॅट घेतला. १ एप्रिल २०१९ ला १० लाख, १ ऑक्टोबर २०२० ला आणखी १० लाख दिले आणि १ एप्रिल २०२४ ला तो ३२ लाखांना विकला. पाच वर्षांत २० चे ३२, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ९.९ टक्के, असं आपण पटकन म्हणतो. पण दुसरे १० लाख तर दीड वर्ष उशिरा गेले!

म्हणून एक्सेलमध्ये तारखा A2 ते A4 मध्ये आणि रकमा B2 ते B4 मध्ये टाका. दिलेल्या रकमेला उणे चिन्ह हवंच, नाहीतर #NUM! येतं.

```
=XIRR(B2:B4,A2:A4)
```

उत्तर ११.६ टक्के.

या दरासाठी थेट गणिती सूत्र नाही, अंदाज सुधारत जावं लागतं. प्रत्येक रक्कम (१ + दर) च्या (दिवस ÷ ३६५) घाताने भागून पहिल्या तारखेवर आणायची. ११ टक्क्यांनी बेरीज सुमारे ४३ हजार अधिक येते, १२ टक्क्यांनी २९ हजार उणे. म्हणजे शून्य यांच्या मधेच कुठेतरी. एक्सेल १० टक्क्यांपासून सुरुवात करतं. मोठ्या तोट्यात कधी ते अडकून 2.98E-09 असं शून्यासारखं उत्तर देतं. तेव्हा XIRR मध्ये तिसऱ्या जागी अंदाज म्हणून -0.1 द्या.

स्टॅम्प ड्युटी, मेंटेनन्स आणि भाडंही ज्या-त्या तारखेला धराच.