मोदकाचा हिशेब आठवड्याचा

नायगावच्या चाळींत गणपती आले की चार घरी दर्शनाला जावे लागते आणि चार घरचा प्रसाद हातावर येतो. वजन उतरवू पाहणारे अनेकजण म्हणून आधीच ‘यंदा गोड बंद’ असे जाहीर करतात. मग आग्रहाने एक मोदक खाल्ला जातो आणि ‘आता मोडलंच आहे, उद्यापासून बघू’ म्हणत आणखी पाच-सहा.

हा केवळ खादाडपणा नव्हे. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी मिल्कशेक पाजून नंतर आइस्क्रीम चाखायला दिल्यावर, एरवी खाण्यावर बंधन घालणाऱ्यांनी उलट जास्त आइस्क्रीम खाल्ले. नियम मोडला की माणूस मोजणेच सोडून देतो.

80-20 पद्धतीत मोडण्यासारखा नियमच ठेवलेला नाही. आठवड्याच्या 80 टक्के कॅलरी भाकरी-पोळी, डाळ, उसळ, भाजी, दही, फळे यांतून घ्यायच्या आणि 20 टक्के आवडीच्या पदार्थांसाठी राखायच्या.

समजा, एका गृहिणीला दिवसाला 1600 कॅलरी पुरतात. आठवड्याच्या झाल्या 11,200 आणि त्यातल्या 20 टक्के म्हणजे 2,240. दिवसाला तीन कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 120 कॅलरी, आठवड्यात 840. उरल्या 1,400. चतुर्थीला तूप घालून तीन उकडीचे मोदक साधारण 465, प्रसादाचे चार पेढे 320 आणि गौरीच्या जेवणात दोन पुरणपोळ्या सुमारे 600. बेरीज 1,385. सण बसला, पण रोजची खारी आणि वेफर्स यांना जागा उरली नाही. सोडायचे ते हेच, मोदक नव्हे.

एक अट मात्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत हवी. या गृहिणीसाठी ती दिवसाला 40 ग्रॅम, आणि त्यातली 30 ग्रॅम चहातच जाते. त्यामुळे सणाच्या आठवड्यात चहाची साखर तरी निम्मी करावी.

दुपारी मोदक खायचे म्हणून सकाळी उपाशी राहू नये. भुकेल्या पोटी हात थांबत नाही. आधी वरण-भात, उसळ, कोशिंबीर. मोदक त्याच जेवणात, सावकाश. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्ताचा उपासही नको. नेहमीचे जेवण जेवावे.

हा ढोबळ ठोकताळा आहे, औषध नव्हे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच मूत्रपिंडाचे पथ्य असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. आणि पोट दुखेपर्यंत, लपून, थांबवता न येता खाणे आठवड्यातून एकदा तरी होत असेल आणि ते तीन महिने चालले असेल, तर तो आजार असू शकतो. तिथे हिशेब मांडत बसू नये. मानसोपचार विभागात दाखवावे.