आयपीओचा अर्ज भरण्याआधी वाचायची तीन प्रकरणं

आयपीओचं प्रॉस्पेक्टस चार-पाचशे पानांचं असतं. ते सेबीच्या आणि शेअर बाजाराच्या वेबसाइटवर फुकट मिळतं, तरी नवखा गुंतवणूकदार ते उघडत नाही. सगळं वाचायची गरजही नाही. पेटीएमची मूळ कंपनी वन97 कम्युनिकेशन्स 2021 च्या नोव्हेंबरात बाजारात आली, तेव्हाच्या कागदपत्रांतली तीनच प्रकरणं पाहू.

आधी पैसा कुठे जाणार ते पाहावं. हा इश्यू 18,300 कोटी रुपयांचा होता. त्यातले 10,000 कोटी ‘ऑफर फॉर सेल’चे होते, म्हणजे जुने भागधारक आपले शेअर विकत होते. कंपनीच्या तिजोरीत यायचे होते फक्त 8,300 कोटी. सहा शेअरच्या एका लॉटला वरच्या भावाने 12,900 रुपये लागत. त्यातले सुमारे 7,050 रुपये विकणाऱ्यांच्या खिशात गेले. उरलेल्या रकमेतून 4,300 कोटी व्यवसाय वाढवायला आणि 2,000 कोटी नवे उपक्रम व कंपन्या घ्यायला ठेवले होते. कोणती कंपनी घेणार, हे ठरलेलं नव्हतं. कारखान्याची यंत्रसामग्री किंवा कर्जफेड असा नेमका खर्च लिहिलेला असेल, तर पुढे हिशेब विचारता येतो. इतकं ढोबळ लिहिलेलं असेल, तर आपण केवळ व्यवस्थापनावर विश्वास टाकत असतो.

जोखमीच्या प्रकरणात महामारी, मंदी, युद्ध हे सगळ्याच कंपन्या लिहितात. ते भरभर उलटावं आणि या एकाच कंपनीला लागू पडणारी, आकडा असलेली वाक्यं शोधावीत. इथे कंपनीने स्वतःच लिहिलं होतं की आजवर तोटाच झाला आहे आणि पुढेही होऊ शकतो. 2020-21 चा तोटा सुमारे 1,700 कोटींचा होता. हे छापून दिल्यावर ‘आम्हाला सांगितलं नाही’ अशी तक्रार टिकत नाही, म्हणून ते अर्जाआधीच वाचायला हवं. 2,150 ला दिलेला शेअर पहिल्याच दिवशी सुमारे 27 टक्के घसरून बंद झाला.

तिसरं प्रकरण प्रवर्तकांचं. पेटीएमने ‘व्यावसायिक व्यवस्थापनाची कंपनी’ म्हणत प्रवर्तक कुणीच नाही, असं जाहीर केलं होतं. प्रवर्तक असला की नियमाने त्याचा किमान 20 टक्के वाटा काही काळ विकता येत नाही. नसला, तर हे बंधन त्याच्या नावावर येत नाही. संस्थापक विजय शेखर शर्मा यांना प्रवर्तक धरायला हवं होतं का, यावर पुढे सेबीने प्रश्न उपस्थित केला आणि 2025 मध्ये त्यांनी आपले 2.1 कोटी ईसॉप्स सोडून दिले. इतर कंपन्यांत प्रवर्तकांवरचे खटले, त्यांनी तारण ठेवलेले शेअर आणि त्यांच्याच दुसऱ्या कंपन्यांशी होणारे व्यवहार पाहावेत. विकणाऱ्यांना शेअर सरासरी किती रुपयांना पडला, हेही सुरुवातीच्या पानांवरच दिलेलं असतं. तो आकडा आपल्याला मागितलेल्या भावाशेजारी ठेवून पाहावा.